‘१ जुलैपासून’ म्हणजे नेमके कधीपासून?

प्रश्न: तालुक्याच्या गावी एका खासगी बँकेत माझे नऊ वर्षांपासून बचत खाते आहे. १२ जूनला मोबाइलवर संदेश आला: ‘सेवा शुल्कात १ जुलैपासून बदल. सरासरी मासिक शिल्लक निमशहरी शाखांसाठी रु. ५,०००. कमी पडल्यास तुटीच्या ६% किंवा रु. ५००, यांपैकी कमी असेल ते, अधिक कर. तपशील संकेतस्थळावर.’ आतापर्यंत अडीच हजार ठेवले की चालायचे. महिनाअखेरीस माझ्या खात्यात पाच-सहा हजार असतातच, मग मला काही लागणार का? १ जुलैला पैसे कापणार का? शाखेत विचारले तर ‘साइटवर बघा’ म्हणाले. बँकेला पत्र लिहायचे ठरवले आहे. काय लिहू?

उत्तर: शुल्क लागू शकते. १ जुलैला मात्र काही कापले जाणार नाही.

मी एकतीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीचशी तालुक्याच्याच शाखांमध्ये. असे संदेश गेले की दुसऱ्या दिवशी काउंटरपुढे रांग लागायची आणि खरे सांगायचे तर आमच्यातल्या निम्म्या लोकांनीही ते परिपत्रक नीट वाचलेले नसायचे. ‘साइटवर बघा’ हे उत्तर बहुतेक वेळा तिथूनच येते. समोरच्याला तुम्हाला टाळायचे असते असे नाही, त्यालाच माहीत नसते.

आधी ‘महिनाअखेरीस पाच-सहा हजार असतातच’ हे तुमचे वाक्य घेऊ, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. सरासरी मासिक शिल्लक म्हणजे महिन्याच्या शेवटच्या दिवशीची शिल्लक नव्हे. रोज दिवसाचे काम संपताना खात्यात जी रक्कम उरते, ती महिन्यातल्या प्रत्येक दिवसाची घेतात, सगळ्या रकमांची बेरीज करतात आणि महिन्याच्या दिवसांनी भागतात. सुट्टीचे दिवसही त्यात धरतात.

तुमच्या खात्याचा जुलै असा गेला समजा. १ ते १० तारखेपर्यंत खात्यात १,२०० रुपये, ११ ते २० पर्यंत ३,००० आणि २१ ते ३१ पर्यंत ६,०००. पहिल्या दहा दिवसांची बेरीज १२,०००, पुढच्या दहांची ३०,००० आणि शेवटच्या अकरांची ६६,०००. एकूण १,०८,०००. भागिले ३१ केले की सरासरी येते ३,४८३ रुपये ८७ पैसे. महिनाअखेरीस सहा हजार असूनही पाच हजारांना तूट पडली १,५१६ रुपये १३ पैशांची. तिचे ६ टक्के म्हणजे ९० रुपये ९७ पैसे. त्यावर १८ टक्के जीएसटी १६ रुपये ३७ पैसे. एकूण १०७ रुपये ३४ पैसे जातील. जुन्या अडीच हजारांच्या अटीत हाच महिना बिनदिक्कत पार पडला असता, म्हणून तुम्हाला आजवर कधी काही जाणवले नाही.

या हिशेबाची दुसरी बाजूही सांगतो, काउंटरवर ती सहसा कुणी सांगत नाही. पाच हजार गुणिले ३१, म्हणजे जुलैत रोजच्या शिलकीची बेरीज १,५५,००० व्हायला हवी. वरच्या उदाहरणात ती ४७,०००ने कमी पडते. हे २६ जुलैला लक्षात आले, तर २६ ते ३१ या सहा दिवसांसाठी खात्यात ७,८३४ रुपये जास्तीचे ठेवले की भरपाई होते आणि १ ऑगस्टला ते काढून घेता येतात. ज्यांच्याकडे हंगामात एकदम पैसे येतात आणि एरवी खाते रिकामे असते, त्यांना हे विशेष उपयोगी आहे. रोज पाच हजार अडकवून ठेवायची गरज नाही, बेरीज जुळली पाहिजे. फक्त तुमची बँक सरासरी महिन्याची धरते की तिमाहीची, ते आधी पाहा. तिमाही असेल तर भागाकार तीन महिन्यांच्या दिवसांनी होतो.

आता तारखेकडे येऊ. ‘१ जुलैपासून’ हे दोन शब्द प्रत्येक शुल्काला वेगवेगळे लागतात, पण संदेशात ते एकदाच लिहिलेले असतात.

काही शुल्के व्यवहारागणिक असतात. एटीएमचे घ्या. महिन्यातले मोफत व्यवहार संपल्यावर बँक जे घेते, त्याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ मे २०२५ पासून २१ वरून २३ रुपये केली, कर वेगळा. तिथे अर्थ सरळ होता: ३० एप्रिलला काढलेल्या पैशांना जुना दर, १ मेला काढलेल्यांना नवा. वाद झालाच तर रात्री बाराच्या आसपासच्या व्यवहाराचा होतो, कारण पैसे आदल्या रात्री काढलेले असतात आणि खात्यात नोंद दुसऱ्या दिवसाची पडते. अशा वेळी एटीएमच्या पावतीवरची वेळ कामाला येते.

काही शुल्के वर्षाची असतात, जसे डेबिट कार्डाचे. ते बहुतेक बँकांत कार्ड दिल्याच्या महिन्यात, वर्षातून एकदा कापतात. दर १ जुलैपासून वाढला आणि तुमचे कार्ड मार्चमधले असेल, तर वाढीव रक्कम पुढच्या मार्चमध्येच दिसेल. मग ग्राहक येऊन म्हणतो, मार्चमध्ये न सांगता वाढवले. सांगितलेले असते, नऊ महिन्यांपूर्वी.

आणि तिसरा प्रकार तुमचा: कालावधीवर मोजले जाणारे शुल्क. इथे ‘१ जुलैपासून’चा अर्थ असा, की ज्या पहिल्या महिन्याची सरासरी पाच हजारांशी ताडून पाहतील तो महिना जुलै. जूनची सरासरी अडीच हजारांशीच ताडली पाहिजे, तिचे पैसे जुलैत कापले गेले तरीसुद्धा. हे ध्यानात ठेवा, कारण चूक नेमकी इथे होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पासबुकात कपात दिसली, तर ती जूनची असते आणि तिला जुना दर लागायला हवा.

जुलैची तूट मग कापणार कधी? १ ऑगस्टलाही लगेच नाही. रिझर्व्ह बँकेचे २० नोव्हेंबर २०१४ चे परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेले. त्यानुसार शिल्लक कमी पडली की बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे, की आजपासून महिन्याभरात शिल्लक पूर्ववत केली नाही तर शुल्क लागेल. म्हणजे जुलैची सरासरी कळणार ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा सूचना, आणि त्यानंतर महिना. या रीतीने चालले तर पहिली कपात सप्टेंबरात यायला हवी. प्रत्यक्षात बऱ्याच बँका महिना चालू असतानाच ‘तुमची शिल्लक कमी आहे’ असा संदेश टाकतात आणि सूचनेचा महिना तिथूनच मोजतात, मग कपात ऑगस्टमध्येही येते. म्हणून असे संदेश पुसून टाकू नका. कुठल्या तारखेला आला, यावर पुढे बरेच काही ठरते.

त्याच परिपत्रकातल्या आणखी दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. शुल्क तुटीच्या प्रमाणात हवे, सरसकट नको. तुमच्या बँकेचे ६ टक्के या अटीत बसते. दुसरे, केवळ या शुल्कामुळे बचत खाते उणे होता कामा नये. खात्यात साठ रुपये असतील तर बँकेने १०७ कापून ४७ येणे दाखवणे नियमात बसत नाही.

आता सूचनेच्या मुदतीचा मुद्दा, म्हणजे १२ जूनचा संदेश आणि १ जुलैची अंमलबजावणी. मध्ये फक्त १९ दिवस. किमान शिलकीची रक्कम किंवा तिच्यावरचे शुल्क बदलायचे असेल तर आधीपासूनच्या खातेदारांना किमान एक महिना अगोदर कळवावे, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना फार पूर्वीपासून सांगितले आहे, ग्राहकसेवेवरच्या २०१५ च्या मुख्य परिपत्रकातही ते आहे. बँक म्हणेल, संकेतस्थळावर आणि सूचनाफलकावर आम्ही मे महिन्यातच लावले होते, एसएमएस ही जास्तीची सोय. हे खरेही असू शकते. म्हणून पत्रात ‘तुम्ही नियम मोडला’ असा आरोप आधीच करू नका, ‘मला पहिली सूचना कोणत्या मार्गाने आणि कोणत्या तारखेला दिली’ एवढेच विचारा. माझ्या मते फलकावरचा कागद म्हणजे खातेदाराला कळवणे नव्हे. आमच्या एका शाखेतला फलक पाण्याच्या कूलरच्या मागे होता आणि त्यावर वर्षभरापूर्वीची सुट्ट्यांची यादीही तशीच होती. पण तुमचे म्हणणे टिकेल की नाही, हे बँक लेखी काय उत्तर देते त्यावर अवलंबून आहे.

तुमच्याबाबतीत आणखी दोन गोष्टी परिस्थितीनुसार बदलतात. पहिली, शाखेचा वर्ग. ज्या गावाची लोकसंख्या दहा हजारांच्या आत, तिथली शाखा ग्रामीण. दहा हजार ते एक लाखाच्या आत निमशहरी, त्यापुढे दहा लाखांच्या आत शहरी, आणि त्यावर महानगरी. आधार २०११ च्या जनगणनेचा. तुम्ही कुठे राहता याला महत्त्व नाही, खाते ज्या शाखेत आहे तिचा वर्ग धरतात. आता तालुक्याचे गाव म्हटले की आपण निमशहरी धरून चालतो, पण गाव लहान असेल तर शाखा ग्रामीण असू शकते आणि ग्रामीण शाखांची अट बहुधा कमी असते. उलटही होते: शेजारच्या शहरातल्या शाखेत खाते असेल तर पाच हजारांहून जास्त लागू शकेल. संदेश सगळ्यांना सरसकट एकच जातो, म्हणून तो तुमच्याच शाखेबद्दल आहे असे धरू नका.

दुसरी, खात्याचा प्रकार. पगाराचे, निवृत्तिवेतनाचे, जनधनचे किंवा साधे मूलभूत बचत खाते असेल तर किमान शिलकीची अट बहुधा नसतेच. जनधन आणि मूलभूत खात्यांना तर ती लावताच येत नाही. अडचण पगाराच्या खात्यांची होते. नोकरी सुटते, पगार यायचा थांबतो, काही महिन्यांनी बँक ते खाते गुपचूप साध्या बचत खात्यात वळवते आणि खातेदाराला ते पहिली कपात झाल्यावर कळते. नऊ वर्षांपूर्वी तुमचे खाते एखाद्या नोकरीनिमित्त उघडले असेल तर हे आधी तपासा.

याच संदर्भात बदल कोणाला लागू, हेही विचारा. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरी भागातली सरासरी शिल्लक ५०,००० केल्याची बातमी आली तेव्हा जुन्या खातेदारांचीही झोप उडाली होती. प्रत्यक्षात ती अट १ ऑगस्टपासून उघडल्या जाणाऱ्या नव्या खात्यांसाठी होती आणि काही दिवसांतच बँकेने ती १५,००० वर आणली. तुमच्या संदेशात ‘नवी खाती’ की ‘सर्व खाती’ हे लिहिलेलेच नाही.

आता पत्र. माझ्या शाखेत एका निवृत्त शिक्षकांनी सुंदर अक्षरात लिहून दिले होते, ‘सुधारित शुल्काबाबत सविस्तर खुलासा करावा ही विनंती.’ आम्ही त्यांना संपूर्ण शुल्कपत्रकाची छापील प्रत दिली आणि फाइल बंद केली. चूक आमची होती, पण पत्रही असे होते की दुसरे उत्तर देता आले नसते. मोघम विचारले की पत्रक मिळते. ज्या प्रश्नाचे उत्तर तारीख, रक्कम किंवा हो-नाही असेच देता येईल, तेवढेच विचारा. साधारण असे:

> प्रति, शाखा व्यवस्थापक,
> विषय: बचत खाते क्र. (शेवटचे चार अंक) – १ जुलैपासूनच्या सुधारित शुल्काबाबत
>
> महोदय/महोदया,
> मला दि. १२ जून रोजी आपल्या बँकेचा सोबत जोडलेला संदेश मिळाला. कृपया माझ्या खात्यापुरती पुढील माहिती लेखी द्यावी.
>
> १. माझे खाते कोणत्या प्रकारचे आहे व आपली शाखा कोणत्या वर्गात मोडते?
> २. हा बदल १ जुलैपूर्वी उघडलेल्या खात्यांना लागू आहे का? असल्यास मला याची पहिली सूचना कोणत्या मार्गाने व कोणत्या तारखेस दिली?
> ३. नवी अट लावली जाणारा पहिला महिना कोणता, आणि त्या महिन्याचे शुल्क खात्यातून कोणत्या तारखेस वजा होईल?
> ४. जून महिन्याची सरासरी रु. २,५०० च्या अटीनेच मोजली जाईल ना?
> ५. तूट पडल्यास शुल्क लावण्यापूर्वी एक महिन्याची सूचना मला कशी मिळेल?
> ६. सोबत जुलैचा एक नमुना हिशेब जोडला आहे (सरासरी रु. ३,४८३.८७, शुल्क करासह रु. १०७.३४). तो बरोबर आहे का?
>
> आपला/आपली विश्वासू,

सहावा प्रश्न मुद्दाम घातला आहे. हिशेब करून दिला की बँकेला तो खोडावा लागतो किंवा मान्य करावा लागतो, मधला मार्ग उरत नाही. पाचव्यावर तुमचा नोंदलेला मोबाइल आणि ईमेल चालू आहे का, तेही आपोआप तपासले जाईल. संपूर्ण खाते क्रमांक, ओटीपी, कार्डाचे तपशील पत्रात लिहायचे नाहीत. पत्राच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच द्यायला कुणी कां-कूं केले तर तेच पत्र बँकेच्या ग्राहकसेवा ईमेलवर पाठवा, तिथे आपोआप क्रमांक पडतो.

एक गोष्ट मात्र लोक हमखास चुकतात. हे पत्र म्हणजे चौकशी आहे, तक्रार नव्हे. उद्या खरोखरच चुकीची कपात झाली, म्हणजे जूनला नवा दर लावला किंवा सूचना न देता पैसे घेतले, तर नवे पत्र द्या, त्यात ‘ही तक्रार म्हणून नोंदवावी’ असे स्पष्ट लिहा, रक्कम आणि पासबुकातली तारीख घाला आणि परतावा मागा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. फी लागत नाही, वकील लागत नाही. ते तीस दिवस तक्रारीच्या तारखेपासून मोजतात, चौकशीच्या नव्हे.

आणि लोकपालाकडे काय मागायचे, तेही आधी ठरवा. ‘अडीचचे पाच हजार का केले’ हा प्रश्न तिथे चालत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय समजला जातो. ‘मला महिनाभर आधी कळवले नाही’, ‘ग्रामीण शाखेला निमशहरी दर लावला’, ‘खाते उणे केले’ हे चालते. रकमेचा राग मनातून जात नसेल तर खाते मूलभूत बचत खात्यात बदलून मागा किंवा किमान शिलकीची अट नसलेल्या बँकेत जा. स्टेट बँकेने ती अट मार्च २०२० मध्ये सर्व बचत खात्यांवरून काढली. जाण्याआधी खात्यावर हप्ते, विमा, गॅस अनुदान असे काय काय जोडलेले आहे ते बघा, आणि जुने खाते रिकामे करून सोडून न देता लेखी अर्ज देऊन बंद करा.

जूनचे पासबुक १ जुलैनंतर भरून घ्या. त्यातली रोजची शिल्लक पाहून तुमचा खरा आकडा काढा आणि पत्रातल्या सहाव्या प्रश्नात माझ्या काल्पनिक आकड्यांच्या जागी तो घाला. जूनचे दिवस तीस धरायला विसरू नका.